उजवीकडची शेपूट

साठ मुली, त्रेचाळीस नापास. परिचारिकांच्या प्रशिक्षणात औषधाच्या मात्रेची गणितं हा एकच विषय बाईंकडे होता, आणि पेपरही त्यांनीच काढलेला. निकालावर त्यांची सही झाली की त्रेचाळीस जणींचं वर्ष वाया जाणार होतं.

"करा सही," प्राचार्य म्हणाले. "सरासरी चौतीस! पोरींनी पुस्तकाला हात लावलेला नाही."

बाईंनी पेन उचललं. आई जाऊन दोन महिने होत आले होते. तेव्हापासून कुणी जेव म्हटलं की त्या जेवत, नीज म्हटलं की आडव्या होत.

"बाई, आधी आलेख तरी बघा," परीक्षा विभागातले नाना कारकून म्हणाले. "दुपारभर डोळे फोडून काढलाय."

बाईंनी पाहिलं. वीस ते तिसाच्या दरम्यान उंच ढीग, आणि उजवीकडे अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेलेली बारीक शेपूट.

"गुणांच्या क्रमानं लावलं तर मधली मुलगी एकोणतिसावर आहे," त्या म्हणाल्या. "सरासरी वरच्या सहा जणींनी ओढून चौतिसावर नेलीय. नाना, याच विषयाच्या आधीच्या चाचणीचा आलेख?"

नानांनी दुसरा कागद सरकवला. त्यात ढीग उजवीकडे होता, शेपूट डावीकडे.

"मुली त्याच, विषय तोच," बाई म्हणाल्या. "इथंच बहुतेकजणी तळाला साचल्यात. पेपर फार अवघड होता, सर."

"चाचणी सोपी असेल."

"थोडी होती. पण नुसत्या तेवढ्यानं ढीग इतका खाली येत नाही."

"परीक्षेआधी दुसऱ्या कुणी पेपर घड्याळ लावून सोडवला होता ना? आपली पद्धत आहे. त्याला लागेल त्याच्या तिप्पट वेळ मुलींना."

"नाही. मीच सोडवला. दवाखान्यात, आईच्या खाटेशेजारी बसून. चाळीस मिनिटं लागली, म्हणून दोन तास दिले."

"आपणच लपवलेलं आपणच शोधायचं," नाना पुटपुटले. "मग वेळ कशाला लागतोय!"

कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी चष्मा काढला.

"हे लेखी दिलंत तर फेरपरीक्षा घेता येईल. पण पेपर काढणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव जाईल. अठरा वर्षांचं काम आहे, बाई."

"कागद द्या."

त्यांनी चार ओळी लिहिल्या. अक्षर नेहमीसारखंच आलं. काहीतरी वाटेल म्हणून क्षणभर थांबल्या. काहीच वाटलं नाही. सही केली.

बाहेर बाकावरच्या मुली धडपडत उठल्या.

"बाई, काय ठरलं?"

"पुन्हा पेपर होईल. मी काढणार नाही."

त्यातली एक त्यांचा हात धरून हमसून रडायला लागली. बाईंनी हात सोडवून घेतला नाही. तिचं रडू ओसरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.