समोरची आधी, मागची उलटी

दीनानाथ केळशीकरांना बाहेरून रंगाचे दोन हात देण्याचं सोसायटीच्या सभेत सर्वानुमते ठरलं.

तसं काही झालेलं नाही. दीनानाथराव सचिव आहेत, कोरडे आहेत, आणि कोथरूडच्या त्या सोसायटीत याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. आपणही विचारू नये.

सुरुवात उत्कर्षाच्या दुकानात झाली. उत्कर्षा वर्ध्याची. टायपिंग, प्रिंट, स्कॅन असं दुकान. मंगळवारी सकाळी तिच्या ईमेलवर दीनानाथरावांची सहा पानांची फाइल आली. विषय नाही, मजकूर नाही, नमस्कार तर पुण्यात अपेक्षितच नाही. सगळी पानं आडवी. पहिली तीन डाव्या कुशीवर, उरलेली तीन उजव्या.

तिने फोन करून विचारलं, काका, छापायचंय, टाइप करायचंय की नुसतं सरळ करायचंय? "पाठवलंय ना?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

मजकूर काढायचा असेल असं धरून तिने फाइल आहे तशीच सॉफ्टवेअरला वाचायला दिली. आडव्या मराठीतून त्याने दंड, कंस आणि एक एकटा ॐ काढला. मग तिने पहिली तीन पानं एकीकडे वळवली, पुढची तीन दुसरीकडे, आणि वळवलेली सेव्ह केली. नुसती पडद्यावर वळवली तर फाइल आडवी ती आडवीच राहते. भाषा मराठी निवडली. आता अक्षरं लागली. शिक्क्याखालचे शब्द तेवढे तिने हाताने भरले.

ते २००९च्या सभेचं इतिवृत्त होतं. पण वाक्यं एका पानावरून दुसऱ्यावर जाताना घसरत होती. पानांना आकडे नव्हते. तिने पंचिंगची भोकं पाहिली: पहिल्या तीन पानांवर डावीकडे, पुढच्या तिनांवर उजवीकडे. म्हणजे तीन कागद, पाठपोट. काकांनी आधी समोरच्या बाजू स्कॅन केल्या आणि मग तोच गठ्ठा पालथा घालून मागच्या. फाइलीतला क्रम एक, तीन, पाच, सहा, चार, दोन. तिने पानं लावली आणि सगळी वाक्यं एकमेकांना मुकाट्याने भेटली.

दीनानाथराव दुकानात आले. नीट लावलेली प्रत त्यांनी दुसऱ्या पानापर्यंत वाचली आणि खाली ठेवली. पहिलं पान संपत होतं "श्रीमती हेमा सहस्रबुद्धे यांना" असं, आणि दुसरं सुरू होत होतं "तळमजल्यावरची खोली शिकवणीसाठी कायम देण्यात यावी." हेमाताई त्या खोलीत सतरा वर्षं गणित शिकवतात. खोली रविवारच्या सभेत काढून घ्यायची, तिथे सचिवांचं कार्यालय करायचं, असा काकांचा बेत. त्यांच्या क्रमाने हेमाताईंच्या नावापुढे तिसरं पान लागत होतं: "समज देण्यात यावी." मुळात ही समज जिन्यात दंगा करणाऱ्या मुलांना होती.

"ही फाइल माझी नाही," ते म्हणाले. "मी पाठवली त्याच क्रमात द्या. मूळ कागदात तुमची अक्कल घालू नका."

"सरळ तरी करू ना, काका?"

"सरळ करा. क्रम माझा."

पुढचं पण वाचा, असं ती म्हणाली. टायपिंगवालीकडून वाचन शिकायची वेळ अजून आलेली नाही, असं उत्तर मिळालं.

रविवारी चाळीस प्रती घेऊन तिलाच जावं लागलं. काकांनी पहिली दोन पानं खणखणीत वाचली आणि बसले. मूळ कागद पाहायला मिळतील का, असं हेमाताईंनी विचारलं. मूळ कागद सचिवांच्या कपाटात, सचिवांच्या किल्लीने बंद. हाच क्रम अधिकृत आहे, असं काकांनी सभेकडून हात वर करून मंजूरही करून घेतलं.

"मग पूर्ण वाचू या," हेमाताई म्हणाल्या. गणिताच्या बाई, पायरी सोडत नाहीत. काकांच्या क्रमातलं दुसरं पान संपत होतं "श्री. दीनानाथ केळशीकर यांना" असं. तिसरं सुरू झालं, "बाहेरून रंगाचे दोन हात देण्यात यावेत." ते हात पाण्याच्या टाकीचे होते. शेवटच्या पानावर त्या टाकीला तळमजल्यावरची खोली शिकवणीसाठी कायम मिळाली.

कुणी हसलं नाही. एका निवृत्त सभासदाने शांतपणे विचारलं, ऑइलपेंट की डिस्टेंपर? दुसऱ्याने फिकट पिस्ता सुचवला. ठराव मंजूर आहेच, फक्त अंमलबजावणी राहिली, यावर एकमत झालं.

"दुसरी प्रत आहे माझ्याकडे," उत्कर्षा म्हणाली. "तिच्यात काका रंगत नाहीत. पण खोली बाईंकडेच राहते."

दीनानाथराव बराच वेळ फिकट पिस्त्याचा विचार करत होते. मग दुसरी प्रत कायम झाली, पहिल्या चाळीस रद्दीत गेल्या, आणि सोमवारी साडेचारला हेमाताईंनी अपूर्णांक सुरू केले.

मंगळवारी उत्कर्षाला पुन्हा काकांचा ईमेल आला. विषय नाही, मजकूर नाही. हस्ताक्षरातला एक अर्ज, आडवा. कुणाला पाठवायचा तेही नाही. तिने तो सरळ केला आणि टाइप केला:

"सबब, दि. १२ जुलै २००९ रोजी झालेली सर्वसाधारण सभा, त्याच तारखेस, हयात व दिवंगत सर्व सभासदांच्या उपस्थितीत पुन्हा भरवण्यात यावी, व या खेपेस प्रत्येक ठराव पान संपण्यापूर्वीच संपेल अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."