खोडलेला रकाना

मी अकरावीत होते, १९७८ साली, सीताबर्डीजवळच्या एका मुलींच्या शाळेत. माझे वडील, देवाजी, कापडगिरणीत कामाला होते. शाळेतून एकाच मुलीचं नाव विज्ञानाच्या शिष्यवृत्तीसाठी जायचं होतं. ती मिळाली तर मी बारावी करणार, नाही तर टायपिंगच्या क्लासला जाणार, हे घरी ठरलेलं होतं. सहामाहीच्या गणितावर नाव निघणार होतं.

माझ्या बाकावर अरुंधती बसायची. तिचे वडील सचिवालयात हेडक्लार्क. ती हुशार होती, पण संमिश्र संख्यांवर अडली होती. गुणाकार करता येत होता, त्यानं बिंदू फिरतो कसा हे कळत नव्हतं. मधल्या सुट्टीत मी तिला आलेख कागद काढायला लावला.

"तीन अधिक i हा बिंदू घे," मी म्हटलं. "शून्यापासून त्याच्यापर्यंत बाण काढ. आता i नं गुण."

तिनं गुणलं. तीनचा तीन i झाला, i चा i वर्ग म्हणजे उणे एक. नवा बिंदू आला उणे एक अधिक तीन i. तिनं दुसरा बाण काढला, पहिल्याला बरोबर काटकोनात, लांबी तेवढीच.

"म्हणजे i नं गुणणं म्हणजे पाव फेरी?"

"हो. दोनदा गुणलं तर अर्धी फेरी, बाण उलटा. म्हणून तर i वर्ग उणे एक."

मग मी तिला पुढचं सांगितलं. एक अधिक i नं गुणायचं म्हणजे बाण एकदा जसाच्या तसा घ्यायचा, आणि त्याच्या टोकावर वळवलेला बाण जोडायचा. दोन्ही बाजू सारख्या, मध्ये काटकोन, म्हणजे कर्ण पंचेचाळीस अंशांनी वळलेला आणि मूळ बाणाच्या वर्गमूळ दोन पट लांब. दोन अधिक तीन i असेल तर बाण दोनदा, वळवलेला तीनदा. एक या आकड्यावर जो त्रिकोण उभा राहतो, तोच आपल्या बाणावर उभा राहतो. बाण जेवढा लांब, त्रिकोण तेवढा मोठा आणि बाण जिकडे, तिकडे वळलेला. म्हणून गुणाकार फिरवतोही आणि ताणतोही.

अरुंधती म्हणाली, "तुले कोणी शिकवलं गं हे?" 'तुले' आमच्या घरच्या बोलीतलं; तिच्या तोंडी ते म्हणजे माझी चेष्टा होती. मी म्हटलं, कोणी नाही, कागदावर करत बसले तर दिसलं.

सहामाहीत नेमका तसाच प्रश्न आला. चौरसाचा एक शिरोबिंदू शून्य, त्याच्या लगतचा तीन अधिक i, समोरचा काढा. फिरण्याची दिशा घड्याळाच्या उलट. आमच्या कौसल्याबाईंचा नियम होता, उजवीकडे कच्च्या कामाचा रकाना आखायचा आणि पेपर देण्याआधी त्यावर दोन तिरक्या रेघा मारायच्या. न मारल्यास अर्धा गुण कमी. मी बाणांची आकृती, पाव फेरी, कर्ण सगळं रकान्यात केलं आणि शेवटी इमानानं रेघा मारल्या. पक्क्या बाजूला एकच ओळ: तीन अधिक i गुणिले एक अधिक i, बरोबर दोन अधिक चार i. अरुंधतीनं तीच आकृती पक्क्या बाजूला काढली, माझ्याच शब्दांत.

पेपर परत आले तेव्हा माझ्या ओळीपुढे शून्य होतं. शेरा होता, 'शेजारून उतरवलं'.

मी बाईंच्या टेबलाशी गेले आणि रकाना दाखवला. रेघांखाली सगळं वाचता येत होतं.

"खोडलेलं मी तपासत नाही," बाई म्हणाल्या. "रेघा तूच मारल्यास ना?"

मी म्हटलं की रेघा मारायला तुम्हीच सांगितलंय, अरुंधतीला हे मीच शिकवलं, आणि आत्ता फळ्यावर करून दाखवते.

"पाठ केलेलं कोणीही दाखवतं. तुमच्या घरी गणित शिकवणारं कोण आहे?" त्यांनी अरुंधतीला बोलावलं. "हिनं तुला शिकवलं, असं ही म्हणते. खरं का?"

अरुंधती माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं पदराची किनार बोटावर गुंडाळली आणि म्हणाली, "आम्ही सोबत अभ्यास केला, बाई."

ते खोटं नव्हतं. बाईंना तेवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीसाठी तिचं नाव गेलं.

घरी वडिलांनी पेपर उलटसुलट पाहिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण रेघा कळल्या. "काहून वं तारा, आपलंच लिहिलेलं आपणच काहून मिटवलं?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि दिवाळीनंतर माझं नाव टायपिंगच्या क्लासला घातलं.

वर्ष संपेपर्यंत शाळेतही जायचं होतं. एके दिवशी अरुंधती पुस्तक घेऊन बाकावर सरकली. कोनांची बेरीज आणि लांब्यांचा गुणाकार का होतो, ते तिला कळत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सांगायची इच्छा नव्हती. पण त्या वर्गात हे मी आणखी कोणाशी बोलणार होते? मी तिचा कागद ओढून घेतला आणि पहिला बाण काढला.