कोवळे हिरवे दाणे

आमचे भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या कॅफेतली कार्डं, पाट्या, जाहिराती सगळं तेच लिहितात. माणूस लाख चांगला, पण साधं वाक्य त्यांच्या घशाखाली उतरत नाही. चहाला चहा म्हणतील तर शपथ!

नवा पदार्थ ठरला तेव्हा मी त्यांना ओट्याशी उभं करून सगळं समजावलं होतं. बाकल्याच्या शेंगा. थंडी सरताना येतात. पहिल्या तोड्याच्या शेंगेत नखाएवढे दाणे असतात, ते कच्चेच खायचे, सालासकट. वर लिंबू, पुदिना, चीज आणि कडक भाजलेला पाव. ऊन तापलं की साल चिवट होते, गोडी जाते आणि दाणा पिठूळ लागतो. मग तो शिजवून सोलावा लागतो, त्याचं हे सॅलड होत नाही. म्हणून थोडेच दिवस मिळणार, एवढंच लिहा म्हटलं.

त्यांनी लिहून आणलं ते असं: ‘कोवळे हिरवे दाणे. आज शेंगेतून निघाले, आजच खायचे. ऊन चढलं की यांचं बालपण संपतं. साल जाड होते, गोडी हरवते. फ्रिजमध्ये कोंडून आम्ही त्यांचं वय लपवणार नाही. पुढच्या आठवड्यात याल, तेव्हा हे नसतील.’

“छान आहे हो,” मी म्हटलं, “पण बाकला कुठाय यात?”

“वहिनी, बाकला म्हटलं की औषधाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. कोण मागवणार? हिरवे दाणे म्हटलं की कसं, जीभ आपोआप पुढे येते.”

तेवढ्यात दूध वर आलं आणि मी शेगडीकडे धावले. कार्डं छापून आली.

पहिल्या दिवशी ही गर्दी! माझे जावईही आले. लेक कामासाठी बाहेरगावी होती, म्हणून एकटेच आले बिचारे, सासूच्या कॅफेचं कौतुक करायला. कार्ड नीट वाचलं, मगच ऑर्डर दिली. एक प्लेट संपवून दुसरी मागवली. मी मनात म्हटलं, वा, जावई खाणारा मिळाला. कार्डसुद्धा घडी घालून खिशात ठेवलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

“आई, मी सकाळी घरी पोचले तर हा पिवळा पडलाय. डोळेसुद्धा. उठला की चक्कर येते. लघवी काळ्या चहासारखी होतेय. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. डॉक्टर विचारतायत, बाकला खाल्ला का? त्याला तो लहानपणापासून बंद आहे, रक्त फुटतं त्यानं. हा म्हणतो, शक्यच नाही, मी कुठेही गेलो तरी आधी वाचतो. काल तुझ्याकडे फक्त मटारचं सॅलड खाल्लं.”

मी ओट्यावरच्या शेंगांच्या ढिगाकडे बघितलं.

“आई? मटारच होते ना?”

“नाही गं,” मी म्हटलं. “बाकला होता. कच्चा. दोन प्लेटा. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांग. पळ!”

फोन ठेवला आणि समोर बघितलं. सगळी टेबलं भरलेली. चार-पाच टेबलांवर तेच हिरवं सॅलड. एक गृहस्थ पावाचा तुकडा त्यात बुडवत होते. आई गं! यातला कुणाला चालतं, कुणाला नाही, मला काय ठाऊक? आणि कालचे? काल किती जण खाऊन गेले, कोणकोण पार्सल घेऊन गेले?

मी टेबलांमध्ये शिरले आणि मोठ्यानं म्हटलं, “या हिरव्या सॅलडमध्ये कच्चा बाकला आहे. ज्यांना तो बंद आहे त्यांनी खाऊ नका. खाल्ला असेल तर त्रास व्हायची वाट बघू नका, आधी डॉक्टरांकडे जा.” दोन जणांनी प्लेटा बाजूला सारल्या. पावाचे गृहस्थ म्हणाले, “मला काही होत नाही हो, लहानपणापासून खातोय,” तरी मी त्यांचीही प्लेट उचलली. चिडले. चिडू देत.

भावजी गल्ल्यापाशी उभे होते, चेहरा पांढराफटक.

“दारावर पाटी लावा,” मी म्हटलं. “आणि कालच्या पार्सलवाल्यांचे फोन नंबर आहेत ना, एकेकाला फोन करा.”

“काय लिहू?” त्यांनी पेन उचललं.

“बाकला लिहा. मोठ्या अक्षरात. बालपण-बिलपण काही नको!”

हॉस्पिटलमध्ये जावई डोळे मिटून पडले होते. रंग उडालेला आणि त्यावर हळदीसारखी पिवळी झाक. हाताला रक्ताची पिशवी लावलेली. डॉक्टर म्हणाल्या की यांच्या रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम जन्मापासूनच कमी आहे. बाकल्यानं त्या पेशी फुटतात. नवीन रक्त चढवतोय. मूत्रपिंडांनी हे सगळं निभावलं पाहिजे, तेवढं बघायचं.

तेवढं! पलंगाखाली लघवीची पिशवी टांगलेली होती. मी संध्याकाळभर त्या पिशवीकडेच बघत होते. देवाचं नाव घ्यायचं सुचेना. काळं पाणी थेंबाथेंबानं उतरत होतं, आणि थेंब थांबला की माझा श्वास थांबायचा. लेक माझ्याशी बोलत नव्हती. बरोबरच होतं तिचं. मलाही माझ्याशी बोलवत नव्हतं.

एकदा त्यांनी डोळे उघडले. मला बघून उठायलाच लागले, सासू आली म्हणून!

“पडा हो,” मी म्हटलं, “कसला मान ठेवताय माझा.”

“चव छान होती, आई,” ते म्हणाले. “खरं तर पोट भरलं होतं. पण पुढच्या आठवड्यात नसेल असं लिहिलं होतं ना, म्हणून दुसरी मागवली.”

मी पदर तोंडाला लावून बाहेर पळाले.

पहाटेच्या सुमारास पिशवीतला रंग उतरला. काळ्याचा तांबूस झाला, मग फिकट. नर्सनं बघितलं, काहीतरी नोंदलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. भावजींचा फोन आला: पार्सलवाले सगळे ठीक आहेत, एकीनं तर भावाला बंद आहे म्हणून डबा तसाच परत आणून दिला. तो डबा बघून भावजी खाली बसून रडले म्हणे.

सकाळी विहीणबाई आल्या. रात्रभर प्रवास करून आल्या होत्या. मुलाच्या कपाळावर हात ठेवला, डोळ्यांच्या कडा ओढून बघितल्या. त्यांनी त्याला तान्हेपणी एकदा असंच बघितलं होतं. मग त्याचा खुर्चीवरचा शर्ट घडी करायला घेतला आणि खिशातून कार्ड निघालं.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचायला लागल्या, ओळींखाली बोट फिरवत. कार्ड उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मी भिंतीला टेकून उभी होते. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सगळं लिहिलंय हो,” त्या म्हणाल्या. “कधी येतात, कधी संपतात, का संपतात. किती कोवळे ते पण. आणि कशाचे?”

“बाकल्याचे,” मी म्हटलं.