बऱ्हाटे यांचे दोन र

"तुम्ही सोडवलेला सगळ्यात अवघड बग सांगा. लक्षण, तर्क, पुरावा, दुरुस्ती," मुलाखत घेणारे सुमंत सर म्हणाले. प्रीतीला ही सॉफ्टवेअरमधली नोकरी हवीच होती. जुनं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं.

लक्षण. नागपुरातल्या एका दवाखान्यात इंदूबाई बऱ्हाटे यांची जुनी नोंद शोधून सापडेना. काउंटरवरचे भैय्याजी फोनवर म्हणाले, "मॅडम, यादीत बाई दिसून राहिली, नाव टाकलं की गायब. असं काहून?"

तर्क. डेटाबेस मंद? नाही, उत्तर लगेच येत होतं. नावात जादा जागा? काढली, तरी तेच.

पुरावा. साठवलेलं आणि टाकलेलं, दोन्ही नावं पडद्यावर सारखीच, पण संगणकाच्या आतले संकेत वेगळे. एका कीबोर्डने ऱ्ह लिहिताना नुक्त्याचा र वापरला होता, दुसऱ्याने साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह.

दुरुस्ती. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकच केली.

"छान. पण नाव सापडलं नाही म्हणून ज्या दुसऱ्या नोंदी झाल्या, त्या?"

दुरुस्ती, पुढे. "तशाच आहेत, सर. आता शोधात तीन नोंदी येतात आणि त्या नावाच्या बाया दोन आहेत. तिसरी कोणाची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मी विचारत राहिले. ते 'बघू' म्हणत राहिले."

"म्हणजे तोवर एका इंदूबाईंची अर्धी औषधं दिसतच नाहीत."

"हो."

"मी पूर्ण सुटलेला बग विचारला होता, मॅडम."

प्रीतीने दुसरा आठवून पाहिला. सुटलेले बरेच होते. अवघड त्यातला एकही नव्हता.