मारेगावच्या मुलींचा चमू

स्नेहसंमेलन संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुचित्रा मॅडमनी शाल्मलीला मराठी विभागात बसवलं आणि कॉलेजच्या फेसबुक पेजसाठी मजकूर लिहायला सांगितला. वणीच्या त्या कॉलेजात सांस्कृतिक विभाग मॅडमकडे होता. शाल्मली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि चांगलं लिहिते म्हणून अशी कामं तिच्याकडेच यायची.

"मागच्या वर्षीची पोस्ट आठवते ना?" मॅडम म्हणाल्या. "सत्तेचाळीस नावं होती. कोणी वाचली नाही. यंदा एखादा प्रसंग घेऊन सुरुवात कर. मोठे निकाल तीन-चार ओळींत, आभार एका वाक्यात. निकालपत्रकाचा फोटो खाली जोड, ज्याला बघायचं तो बघेल."

शाल्मलीला हे पटलं. प्रसंग शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. तिची मैत्रीण ऋचा शेजारच्या खुर्चीवरच बसली होती. ऋचानं फाटकाशी काढलेली रांगोळी तीन दिवस कोणी तुडवली नव्हती. पाहुण्यांची गाडीसुद्धा बाजूनं घेतली होती. शाल्मलीनं तिथूनच सुरुवात केली. पहिल्या चार ओळी छान उतरल्या, आणि त्यातच ऋचा देशमुखला मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीसही येऊन गेलं.

मग निकाल. वादविवादात अभिषेक पहिला, गायनात श्रेयस, दोघांची नावं एकेका ओळीत बसली. समूहनृत्याशी ती अडखळली. निकालपत्रकात नुसतं 'चमू क्र. ४' होतं, कारण समूहाच्या स्पर्धेत परीक्षकांना नावं देत नाहीत, क्रमांक देतात. नावं प्रवेश अर्जावर होती, आणि अर्ज टेबलावरच्या फाइलमध्ये होता. शाल्मलीनं तो काढला. सहा नावं होती: राठोड, चव्हाण, जाधव, पुन्हा राठोड. तिनं ती एकदा लिहून पाहिली. ओळ लांबलचक दिसली. तिनं ती खोडली आणि लिहिलं, 'समूहनृत्यात मारेगावच्या मुलींच्या चमूने बंजारा नृत्य सादर करून प्रथम क्रमांक पटकावला.' आभारात प्राचार्य आले, परीक्षक आले, मंडपवाले आले.

मॅडमनी वाचून मान डोलावली. दुपारी एक वाजता पोस्ट गेली. संध्याकाळपर्यंत चारशेवर लाइक झाले. प्राचार्यांनी ती शेअर केली. कोणीतरी मजकूर उचलून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात तो जसाच्या तसा छापून आला. शाल्मलीच्या वडिलांनी ते पान तहसील कार्यालयात नेऊन सगळ्यांना दाखवलं.

त्याच दिवशी दुपारी सलोनी राठोड तिला ग्रंथालयाच्या पायरीवर भेटली. नृत्य तिनंच बसवलं होतं. मारेगावजवळच्या तांड्यावरून रोज एसटीनं यायची. कपाशीवर बोंडअळी पडली तो हिवाळा होता. घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला हात लागायचे, म्हणून चमूतल्या मुली तालमीला दोन तास उशिरा यायच्या आणि हजेरी घेणारी शाल्मली त्यांच्या नावापुढे वेळ लिहायची.

"पेपर वाचला," सलोनी म्हणाली. "बाबानं तीन आणले."

"छान आलंय ना?"

"हो. बाबानं वाचलं, मंग पान उलटून पायलं. त्याले वाटलं, पुढच्या पानावर असन."

शाल्मलीला काय ते कळलं.

"मॅडमनी छोटं लिहायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "नावांची यादी नको म्हणाल्या होत्या."

"ऋचाचं हाय की."

सलोनीच्या आवाजात राग नव्हता. तिनं फक्त आपल्याला दिसलं ते सांगितलं. शाल्मली पायरीवर बसली. सलोनीही बसली, पण थोडं अंतर ठेवून.

"आमचं राहू दे," ती म्हणाली. "सुखीकाकीचं काहून नाही टाकलं? तू हो म्हटलं होतं."

शाल्मली खरंच हो म्हणाली होती. सुखीबाई म्हणजे सलोनीची काकू. तीन दिवस कॉलेजात येऊन तिनं मुलींना पावलं शिकवली होती, आरसे लावलेल्या स्वतःच्या घागऱ्यांना टाके घालून ते मुलींच्या मापाचे केले होते. रंगीत तालमीच्या दिवशी सलोनीनं विचारलं होतं, आभारात काकीचं नाव येईल का? आणि शाल्मली फोनमध्ये बघता बघता म्हणाली होती, का नाही येणार.

"मी विसरले," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, विसरले नाही. तुमची नावं तर माझ्यासमोर होती. मी लिहून खोडली. ओळ लांब दिसत होती."

 सलोनीनं ओढणीचं टोक सरळ केलं.

"मी तांड्यावर येते," शाल्मली म्हणाली. "काकीला मीच सांगते."

"नको येऊ. सगळे वावरात असतेत. तू आली तं कामं सोडून चहा करा लागन."

शाल्मली उठून मॅडमकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं, खोडलेल्या ओळीसकट. मॅडमनी पोस्ट पुन्हा उघडून वाचली.

"मी पण वाचली होती," त्या म्हणाल्या. "मला काही खटकलं नाही. बदल आत्ताच."

पेपरच्या वार्ताहराला शाल्मलीनं फोन केला. तो म्हणाला, मजकूर तुमचाच होता, आता शिळं झालं, पुढच्या वर्षी बघू. व्हॉट्सॲपवर गेलेला मजकूर तर कोणाच्याच हातात नव्हता. बदलता येण्याजोगी उरली होती एकच, पेजवरची पोस्ट.

तिनं सलोनीला विभागात बोलावलं. रांगोळीच्या चार ओळी काढल्या. त्या जागी सुखीबाई आली: व्हरांड्यात मांडी घालून घागऱ्याला टाके घालणारी, आणि पाऊल चुकलं की मान वर न करता 'फेर', म्हणजे पुन्हा, म्हणणारी. ऋचाचं बक्षीस निकालपत्रकाच्या फोटोत राहिलं. त्याच फोटोखाली समूहनृत्यातल्या सहा जणींची नावं आली, आणि मजकुरातही.

"वाच," शाल्मली म्हणाली. "चुकलं असेल तर सांग."

सलोनीनं वाचलं. "हे 'मनिषा' नाही, 'मनीषा'. ते स्वतः लिहिते तसं लिही."

शाल्मलीनं दुरुस्त केलं. नवी पोस्ट जुन्यापेक्षा दोनच ओळी मोठी झाली होती. पहिल्याच दिवशी हे जमलं असतं, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं.

"फोटो काढून घे, बाबांना दाखव," ती म्हणाली.

"बाबाले पेपरातलं पायजे होतं," सलोनी म्हणाली. तरी तिनं स्क्रीनचा फोटो काढला, फोन पिशवीत टाकला आणि साडेचारची एसटी धरायला निघून गेली.

संध्याकाळी शाल्मलीनं पेज उघडलं. लाइक तेवढेच होते. वाचायचं त्यांनी आधीच वाचलं होतं, परत कोणी येणार नव्हतं. बदललेल्या मजकुराखाली एकच नवी प्रतिक्रिया होती, ऋचाची: माझी रांगोळी कुठे गेली?

शाल्मलीनं उत्तर लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. मग फोन पालथा ठेवला आणि ऋचाच्या घरी जायला चपला घातल्या, कारण हे तिला तोंडावरच सांगावं लागणार होतं. आणि ते सांगताना स्वतःला चांगलं दाखवायचं नाही, एवढंच तिनं जिना उतरताना ठरवलं.