इंद्रकुमारचे केस

आमगावला स्टेशनरोडवरच्या फोटो स्टुडिओत खुशबू सात वर्षांपासून कॉम्प्युटरवर बसत होती. डाग काढणं, गोरं करणं ही कामं ती डोळे मिटून करायची. पण राईस मिलमधल्या इंद्रकुमारच्या फोटोवर तिने अख्खी दुपार घातली. पोरगा चौतीसचा, लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो हवा होता, आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकले होते.

आधी तिने टाळूची चमक मंद केली. मग वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवरच्या पारदर्शक थरावर, शेजारच्या दाट केसांचा नमुना उचलून तो विरळ जागी हलक्या हाताने ठेवत गेली. शेवटी अगदी बारीक ब्रशने, केस जिकडे वळतात तिकडेच, एकेक केस ओढला. काही गडद, काही फिके. कपाळाची कड मुद्दाम वेडीवाकडी ठेवली आणि मधून थोडी कातडी दिसू दिली. सगळं झाकलं की टोप घातल्यासारखं दिसतं, हे ती अनुभवाने शिकली होती.

संध्याकाळी इंद्रकुमारची आई शकुंतलाबाई आल्या. बराच वेळ स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या, "केलं काय तू? हा तर असाच आहे."

खुशबूने लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. केस गेले. पुन्हा दाबलं. केस आले.

"अगो बाई," शकुंतलाबाई खुर्चीत बसल्या. "मग आणखी टाक ना. कायले कंजूसी करून राहिली?"

"काकू, जास्त टाकले तर लोकांले समजते."

फोटो सालेकशाला मुलीचे वडील उदाराम पटले यांच्याकडे गेला, आणि आठवड्यात निरोप आला: रविवारी पोरगा पाहायला येतो.

रविवारी सकाळीच शकुंतलाबाई स्टुडिओच्या दारात उभ्या. "फोटोत तूच बसवले, आता डोक्यावरही तूच बसव."

खुशबूने नाही-नाही म्हणून पाहिलं. पण इंद्रकुमार मागे असा पडेल चेहऱ्याने उभा होता की तिला त्याची दया आली. त्यांच्या घरी जाऊन तिने मेकअपची गडद तपकिरी पूड घेतली आणि मऊ ब्रशने केसांच्या मुळाशी थोपटली. तत्त्व तेच: केस वाढवायचे नाहीत, कातडीची चमक मारायची. कोपरे झाले, मागचा भोवराही झाला. आरशात पाहून इंद्रकुमार म्हणाला, "ताई, मी तर फोटोसारखा दिसून राहिलो."

"घाम नका येऊ देऊ," खुशबू म्हणाली.

मे महिना होता. पाहुणे बसले, पोहे आले आणि लाईट गेली.

उदाराम पांढरंशुभ्र धोतर नेसून आले होते. सोबत त्यांची मुलगी रुची, पंचायत समितीत डाटा ऑपरेटर. खुशबू स्वयंपाकघराच्या दारातून इंद्रकुमारच्या कपाळाकडे बघत होती. कानशिलावर एक बारीक तपकिरी रेघ उतरायला लागली. तिने खुणा केल्या. त्याला वाटलं, पाया पड म्हणते. तो उठला आणि उदारामांसमोर वाकला.

धोतरावर टपकन एक थेंब पडला. मग दुसरा.

उदारामांनी थेंबाकडे पाहिलं, मग समोर वाकलेल्या भोवऱ्याकडे. "हे काय गळून राहिलं, बाबू?"

इंद्रकुमारनेच रुमालाने डोकं पुसून काढलं. रुमाल मळला, डोकं चमकलं. "केस गळले आहेत, काकाजी. फोटोत या ताईने भरले. आज डोक्यावर पूड लावली."

"मी तर फोटो मोठा करून करून पाहिला," उदाराम खिन्नपणे म्हणाले. "केस विरळ दिसले म्हणूनच खरा वाटला. खोटं करणारा भरगच्च करते."

खुशबूला त्या घाबरगुंडीतही बरं वाटलं.

रुची इतका वेळ पदरात तोंड लपवून हसत होती. आता खुशबूकडे वळली. "ताई, खरा फोटो आहे का तुमच्यापाशी?"

खुशबूच्या मोबाईलमध्ये होता. रुचीने तो नीट पाहिला, मग समोरच्या माणसाकडे पाहिलं.

"हा बरा आहे," ती म्हणाली. "त्या दुसऱ्यात माझ्या मामेभावासारखा दिसून राहिला होता. मी घरी तेच सांगून राहिली होती, पण कोणी ऐकत नव्हतं."

"केस पुढे आणखी जातील," इंद्रकुमार प्रामाणिकपणे म्हणाला.

"तुमच्या घरी सुनेले नोकरी करू देतात काय, ते सांगा. मले नोकरी सोडायची नाही."

"कायले सोडायची?" तो म्हणाला, आणि बोलणं तिथून पुढे तासभर चाललं. लाईट आली तेव्हा साखरपुड्याची तारीखही निघाली होती. शकुंतलाबाईंनी धोतराचा डाग काढायला लिंबू आणून दिलं; डाग गेला नाही.

निघताना उदाराम चपला शोधत खुशबूजवळ रेंगाळले. डोक्यावरची टोपी त्यांनी किंचित उचलली. खाली एकही केस नव्हता.

"पोरी, लग्नपत्रिकेवर माझाही फोटो टाकून राहिले," ते हळूच म्हणाले. "थोडं काही होईल काय? जास्त नको. व्याह्यांनी ओळखलं पाहिजे."