एक मोटर हवी होती

शाळेच्या गायनवृंदाचे झगे निम्मे शिवून झाले आणि नेमकी तेव्हाच मशीनची मोटर जळाली. निळं कापड टेबलावरून पाण्यासारखं खाली ओघळत होतं आणि सुई एका बाहीत मधोमध रुतून बसली होती. टेलरबाईंनी आधी मशीनला, मग मोटरला आणि शेवटी स्वतःच्या नशिबाला शिव्या घातल्या. शनिवारी झगे पोचले नाहीत तर वर्षभराचे गणवेश दुसऱ्या कुणाकडे जातील, हे मुख्याध्यापिकेने अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

एवढ्या जुन्या मशीनला बसेल अशी मोटर एकाच दुकानाच्या वेबसाइटवर सापडली. ‘फक्त दोन शिल्लक.’ बाईंनी घाईघाईने पैसे भरायचं बटण दाबलं. गोल चाक फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं.

“अगं बाई, सरक ना पुढे! जात्यावर बसलीस का दळायला?”

चाकाने काही ऐकलं नाही. बाईंनी मागे जाऊन सगळं पुन्हा भरलं, पुन्हा बटण दाबलं. या वेळी झटक्यात झालं. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच फोन दोनदा वाजला. ऑर्डर नोंदवली. ऑर्डर नोंदवली. खात्यातून पैसेही दोनदा गेले होते.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला; वेबसाइटवरचं खातं दोघांचं एकच होतं, त्याच्या मोबाइलवरही उघडायचं. तो बस चालवायचा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात डेपोतल्या बाकावर पाय पसरून बसला होता.

“अहो, दोन मोटरी आल्यात नावावर! एक रद्द करायला हवी, ती दुकानातून निघायच्या आत. एकदा निघाली की बटणच जातं म्हणे.”

“बघतो,” नवरा म्हणाला.

हे ‘बघतो’ बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. गळका नळ, मोडकी कडी, माळ्यावरचा पंखा, सगळे वर्षानुवर्षं त्याच एका शब्दावर जगत होते. त्यामुळे फोन ठेवून बाई स्वतःच कामाला लागल्या. ‘माझ्या ऑर्डर’ उघडलं, वरची निवडली, कारण विचारलं तिथे ‘चुकून झाली’ दाबलं. रद्द. हुश्श करून त्या खाली सरकल्या.

खालचीही रद्द दिसत होती.

“तुम्ही काय केलंत?” पुन्हा फोन लावून त्या ओरडल्या.

“केली की रद्द! लगेच! तू नेहमी म्हणतेस ना, मी नुसतं बघतो…”

“जन्मात एकदा हललात, तेही आजच!”

पुन्हा मागवायला गेल्या तर पानावर ‘साठा संपला’. बाईंचे डोळे भरून आले; मग त्यांना स्वतःच्या रडण्याचाच राग आला आणि त्यांनी सरळ दुकानाचा नंबर फिरवला.

“ताई, अहो काय लावलंय हे?” दुकानदार वैतागला होता. “दोन मागवल्या म्हणून मी दोन खोकी बांधली. मग एक रद्द. एक सोडली. मग दुसरीही रद्द! तीही सोडली. आता काय, तिसरी बांधू?”

“दादा, चुकलं. एकच द्या, पण द्याच. ती रद्द झालेली परत चालू नाही का करता येत?”

“रद्द म्हणजे रद्द. नवीनच करावी लागेल. थांबा, साठा मला हाताने वाढवावा लागतो… हं, वाढवला. कुरिअरवाला दारात उभा आहे, पटकन करा. आणि पैसे आता भरू नका, मोटर हातात आल्यावर द्या. आधीचे तुमच्या खात्यात परत येतील दोन-चार दिवसांत.”

पैसे घरी देण्याचा पर्याय दाबला आणि ऑर्डर लगेच नोंदली गेली. बाई खुर्चीत टेकणार तोच नवऱ्याचा फोन आला.

“अगं, अजून एक दिसतेय बघ खात्यात! हीपण रद्द करू ना?”

“हात लावाल तर खबरदार!”

“बरं बरं. ठेवतो.”

“ठेवू नका! बोलत राहा माझ्याशी. फोन कानालाच धरा, दोन्ही हातांनी. ती निघाली असं दिसेपर्यंत तुमचा भरवसा नाही.”

“काय बोलू?”

“काहीही.”

मग तो बोलत राहिला. रोज पुढच्याच सीटवर बसणाऱ्या म्हातारबांबद्दल, क्लचबद्दल, डेपोतल्या बेचव चहाबद्दल. बाई फोन स्पीकरवर टाकून एका कानाने ऐकत मोबाइलचा पडदा न्याहाळत होत्या. थोड्या वेळाने पडद्यावर ‘पाठवली’ उमटलं.

बाईंनी ते त्याला सांगितलं नाही. “मग?” त्या म्हणाल्या, “त्या म्हातारबांचं पुढे काय झालं?”